सत्याग्रह की शस्त्र? गोव्याच्या लढ्यावर घासून पाहिलेलं उत्तर

प्रश्न : आमच्याकडे दर पंधरा ऑगस्टला जेवताना एकच वाद रंगतो. बाबा म्हणतात, सत्याग्रहाने कोणी राज्य सोडत नाही, बंदूक दिसली की सोडतात. काका जुने सेवादलातले, ते नेमकं उलटं म्हणतात. मी मध्ये कुठेतरी वाचलं की अहिंसक लढे सशस्त्र लढ्यांपेक्षा दुप्पट वेळा यशस्वी होतात. खरं काय धरायचं? "दोन्हींचं योगदान आहे" हे शाळेतलं उत्तर नको.

उत्तर :

शाळेतलं उत्तर चूक नाही, पण त्याने वाद मिटत नाही आणि समजही वाढत नाही, हे कबूल. मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली निम्मी वर्षं सुट्ट्यांमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बांदा, सावंतवाडी, आरोंदा या बाजूच्या गावांत फिरलो आणि गोव्याच्या लढ्यात गेलेल्यांच्या, त्यांना वाट दाखवणाऱ्यांच्या, त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजणाऱ्यांच्या आठवणी नोंदवल्या. तुमच्या घरातला वाद त्या ओसऱ्यांवर मी कितीतरी वेळा ऐकलाय, आणि तोही वाद घालणारे स्वतः त्यात उतरलेले असताना.

सगळ्यात आधी एक गोष्ट बाजूला ठेवू या. १९४७ वरून हा वाद सुटणार नाही. तिथे एकाच वेळी इतक्या गोष्टी घडत होत्या (बेचाळीसची चळवळ, आझाद हिंद सेनेवरचे खटले, १९४६ मधलं नौदलाचं बंड, युद्धाने पोखरलेलं ब्रिटन, तिथे आलेलं मजूर पक्षाचं सरकार) की ज्याला जे हवं ते त्यातून काढता येतं. बाबा नौदलाचं बंड काढतील, काका मिठाचा सत्याग्रह. दोन औषधं एकाच वेळी दिली आणि रोगी बरा झाला, तर कुठल्या औषधाने ते कसं सांगणार? म्हणून जिथे राज्यकर्ता एकच, काळ एकच आणि दोन्ही मार्ग वेगवेगळे दिसतात अशी जागा शोधावी लागते. गोवा, आणि त्याच्याच बरोबरची दादरा-नगर हवेली, ही तशी जागा आहे. तिथे १९४६ ते १९६१ या पंधरा वर्षांत सत्याग्रह झाला, सशस्त्र हल्ले झाले, आर्थिक कोंडी झाली आणि शेवटी सैन्यही गेलं.

सुरुवात मडगावला, १८ जून १९४६. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आले होते. गोव्यात तेव्हा सभा घ्यायला, भाषण करायला आधी परवानगी लागे. लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरकडून नेऊन आणावी लागे, हे मला कितीतरी जुन्या लोकांनी सांगितलं. लोहियांनी बंदी मोडून मडगावात सभा घ्यायचं ठरवलं. मिरांडा नावाच्या प्रशासकाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला. अटक झाली, पण लोक हलले. पुढचे काही महिने ठिकठिकाणी माणसं उभी राहून भाषणं करू लागली आणि पकडली जाऊ लागली.

आता इथे थांबून पोर्तुगीजांनी काय केलं ते नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यात आहे. त्यांनी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवला, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तिकडेच नेलं. म्हणजे चळवळीचं डोकं उचलून आठ हजारांहून जास्त किलोमीटरवर ठेवून दिलं. ब्रिटिशांनी टिळकांना मंडालेला पाठवलं होतं, हे खरं. पण ब्रिटिश हिंदुस्थानात एक टिळक गेले तरी मागे वर्तमानपत्रं होती, वकील होते, कौन्सिलं होती आणि लंडनच्या संसदेत प्रश्न विचारणारा एखादा तरी सभासद होता. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये खुद्द पोर्तुगीजांनाच ही सोय नव्हती. तिथेही सेन्सॉर, तिथेही गुप्त पोलीस. त्यामुळे गोव्यात माणसाला फोडून काढलं याची बातमी लिस्बनच्या माणसापर्यंत पोचायचीच नाही, आणि पोचली तरी त्याला सरकार बदलता येत नव्हतं.

सत्याग्रहाबद्दल बोलताना हे विसरलं जातं. सत्याग्रह हे हृदयपरिवर्तनाचं तंत्र आहे असं आपण शिकतो, पण प्रत्यक्षात तो दोन वाटांनी काम करतो. एक म्हणजे, ज्यांच्या हातांनी राज्य रोज चालतं तेच हात काढून घेतात : शेतसारा थांबतो, कचेरी ओस पडते, रेल्वे उभी राहते. दुसरी म्हणजे, मार खाणाऱ्याचं चित्र अशा माणसापर्यंत पोचतं ज्याची राज्यकर्त्याला लाज किंवा भीती वाटते. १९३० मध्ये धारासण्याला मिठागरावर डोकी फुटली. मीठ काही ताब्यात आलं नाही, पण अमेरिकी बातमीदाराने लिहिलेली हकिकत जगभर छापून आली. मारणाऱ्याला त्या दिवशी लाठी महाग पडली.

हे मनात धरून आता १९५५ कडे या.

१५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर आणि इतरत्र गोमंतकीयांच्या लहान तुकड्यांनी सत्याग्रह केला होता. दुसऱ्या वर्षी पुण्यात गोवा विमोचन सहायक समितीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. जयंतराव टिळक तिचे चिटणीस. पहिली तुकडी १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली आत शिरली आणि तिच्याबरोबर सेनापती बापट होते. तुमच्या घरी हे नाव जरूर काढा. बापटांनी तरुणपणी युरोपात बॉम्बची विद्या शिकून ती हिंदुस्थानात आणली होती, मुळशीच्या सत्याग्रहात शेवटी रेल्वेवर हात टाकून सात वर्षांची शिक्षा भोगली होती, आणि वयाच्या पंचाहत्तरीला आलेला हाच माणूस रिकाम्या हाताने गोव्याच्या सरहद्दीवर उभा होता. तेव्हाची माणसं आपल्यासारखी 'अहिंसावाले' आणि 'बंदूकवाले' अशा दोन बाकांवर बसलेली नव्हती.

तुकडीचं काम कसं चाले, ते वाटाड्यांकडून ऐकलेलं सांगतो. सत्याग्रही सावंतवाडी किंवा बेळगावच्या बाजूने येत. सरहद्दीजवळच्या गावात मुक्काम, झडती. कोणाच्या खिशात चाकूसुद्धा राहू नये, अडकित्तासुद्धा काढून घेत. रात्री वाटाड्याबरोबर रानातून आत शिरायचं, एखाद्या वाडीवर झेंडा काढायचा, घोषणा द्यायच्या आणि पकडलं जायचं. मग काठ्या, बंदुकीचे दस्ते, चौकीत उपाशी ठेवणं. सामान्य सत्याग्रह्याला एक-दोन दिवस बडवून पुन्हा सरहद्दीवर आणून टाकत. पुढाऱ्यांना मात्र ठेवून घेत. गोऱ्यांना दहा वर्षं, जुलैत शिरलेल्या मधू लिमयांना बारा वर्षं अशा शिक्षा लष्करी न्यायालयाने दिल्या.

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो लोक अनेक ठिकाणांहून एकाच वेळी आत शिरले. पत्रादेवीला आणि इतरत्र पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या. पंजाबचा कर्नैलसिंग, आपल्याकडचे हिरवे गुरुजी, असे वीसहून अधिक लोक त्या दिवशी गेले. मला बांद्याच्या एका आजीने सांगितलं होतं की संध्याकाळी जखमींना आणलं तेव्हा गावातल्या बायकांनी घरातली जुनेरं फाडून पट्ट्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेसायला घरात एकच लुगडं उरलं होतं.

याचा परिणाम काय झाला? मुंबईत, दिल्लीत प्रचंड संताप, हरताळ, मोर्चे. भारत सरकारने पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले, रेल्वे बंद झाली, सरहद्द बंद झाली. आणि काही आठवड्यांतच नेहरूंनी सत्याग्रहालाही बंदी घातली, कारण आणखी माणसं मेली तर सैन्य पाठवण्यावाचून गत्यंतर उरलं नसतं आणि तेव्हा त्यांना ते पाठवायचं नव्हतं. पोर्तुगीज मात्र इंचभरही हलले नाहीत.

का हलले नाहीत? वर सांगितलेल्या दोन वाटा लावून बघा. आत शिरणारे बहुतेक जण पुणे, बेळगाव, पंजाब, मध्य प्रदेश इथले. ते गोव्यात कर भरत नव्हते, पणजीच्या कचेरीत लिहीत नव्हते, मुरगावच्या धक्क्यावर माल चढवत नव्हते. त्यांनी असहकार कशाशी करायचा? जे आतले गोवेकर हे करू शकले असते त्यांच्यातली बोलकी माणसं आधीच पेनिशला किंवा आग्वादच्या तुरुंगात होती, उरलेली मुंबईला होती. सप्टेंबर १९५५ नंतर तर वाटच बंद झाली. शिवाय पन्नासच्या दशकात गोव्याच्या लोहखनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीत गिऱ्हाईक मिळालं होतं. खाणीतून पैसा येत होता आणि समुद्र मोकळा होता. आपण घाट बंद केले, त्यांनी बंदर वापरलं. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा. सरहद्दीवरच्या गावांना कोंडीचा जास्त त्रास झाला तो इकडच्या, असं लोक हसत हसत सांगत. माहेर पेडण्याला आणि सासर सावंतवाडीला असलेल्या बायकांना सहा वर्षं आईचं तोंड दिसलं नाही, हे सांगताना मात्र कोणी हसत नसे.

तर मग बाबांचं बरोबर? थांबा. आता बंदुकीची बाजू तितक्याच काटेकोरपणे पाहू.

बाबांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा दादरा-नगर हवेलीचा आहे. जुलै १९५४ च्या शेवटी, ऐन पावसाळ्यात, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादऱ्याची चौकी घेतली. तिथे झटापटीत एक पोलीस अधिकारी मारला गेला. मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीत शिरले आणि २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. त्यांत सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी पुण्यामुंबईची माणसं होती. हत्यारं बेताची, प्रशिक्षण त्याहून बेताचं. समोर कप्तान फिदाल्गो आणि त्याचे शस्त्रधारी पोलीस. तरीही दोन आठवड्यांत पोर्तुगीज राज्य तिथून कायमचं गेलं. फिदाल्गो रानात मागे सरकत गेला आणि शेवटी त्याने भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली.

हे कशाने झालं? नकाशा काढून बसा. दादरा आणि नगर हवेली चारी बाजूंनी भारताने वेढलेली. दमणहून तिथे कुमक न्यायची तर भारतातून न्यावी लागे, आणि भारत सरकारने ती वाट बंद केली. फिदाल्गोला माणूस मिळेना, काडतूस मिळेना. पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये निकाल आला : नागरिक, मुलकी अधिकारी आणि साधा माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. थोडक्यात, ज्या वाटेने ते राज्य परत घेता आलं असतं ती वाट कायद्यानेही त्यांची नव्हती.

आता त्याच आझाद गोमंतक दलाला, त्याच धाडसासकट, गोव्यात ठेवून बघा. १९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे, नारायण नाईक, दत्तात्रेय देशपांडे, प्रभाकर सिनारी यांनी हे दल उभं केलं. चौक्यांवर हल्ले, हत्यारं पळवणं, खाणीवर सुरुंग, असं त्यांचं काम. बाळा मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या छळात गेले. मोहन रानडे सांगलीकडचे, शिक्षक म्हणून सावई-वेरेंला राहिले आणि दलाचं काम करू लागले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. या माणसांच्या छातीविषयी कोणी शंका घेऊ नये. पण चौदा वर्षांत एकही तालुका मोकळा झाला नाही. चौकी लुटली की दुसऱ्या दिवशी पणजीहून कुमक येई, आणि पणजीला कुमक समुद्रातून येई. आफ्रिकेतून सैनिकांच्या तुकड्या उतरत. दादऱ्यात जे दार बंद होतं ते मुरगावला सताड उघडं होतं.

दुसरी अडचण मला आठवणी नोंदवताना कळली आणि ती पुस्तकांत कमी सापडते. हल्ला करणाऱ्याला विचारलं की तो हल्ल्याची रात्र सांगतो. जवळच्या वाडीवरच्या माणसाला विचारलं की तो हल्ल्यानंतरचे आठ दिवस सांगतो. पाखले म्हणजे पोर्तुगीज शिपाई येणार, पुरुषांना चौकीत नेणार, कासिमिरु मोंतैरोसारखा पोलीस पुढ्यात बसणार. (हाच मोंतैरो पुढे पोर्तुगालच्या विरोधी पक्षाचे जनरल देल्गादु यांच्या खुनात होता, यावरून त्याची जात ओळखा.) कोणाला फोडलं की कोणीतरी बोलतं, कोणी बोललं की गट पकडला जातो. गुप्त संघटना लहानच ठेवावी लागते, आणि ती लहान असल्यामुळे तिच्यातून लोकांची चळवळ होत नाही. सत्याग्रहात बाई, म्हातारा, विद्यार्थी सगळे येऊ शकत. सुधाताई जोशी एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला बंदी मोडून अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या. चौकीवरच्या हल्ल्यात असं कोणालाही सामील करून घेता येत नाही.

आणि किमतीचा हिशेब. गोरे, लिमये यांना शिक्षा दहा-बारा वर्षांच्या होत्या, पण ते १९५७ मध्ये सुटून बाहेर आले. लिमयांना लोकसभेत आपण सगळ्यांनी पाहिलंच. रानड्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ मध्ये मोकळा झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात राहिले ते जानेवारी १९६९ पर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांना समिती काढून वर्षानुवर्षं झगडावं लागलं. निःशस्त्र माणसाला सोडताना राज्यकर्त्याला माघार घेतल्यासारखं वाटत नाही. ज्याने गोळी झाडली त्याला तो गुन्हेगार म्हणतो, आणि एकदा गुन्हेगार म्हटलं की सोडणं अवघड होऊन बसतं.

म्हणजे आत्तापर्यंत हाताला लागलं ते असं : गोव्याच्या भूमीवर सत्याग्रह अडला कारण आतले हात कमी पडले आणि लिस्बनमध्ये लाज वाटणारं कोणी नव्हतं. शस्त्र अडलं कारण रसदीची वाट बंद करता आली नाही. नगर हवेलीत शस्त्र चाललं, कारण ती वाट बंद होती आणि ती दलाने नाही, भारत सरकारने बंद केली होती.

मग १९६१ मध्ये दिल्ली का हलली? नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी साबरमती बोटीवर गोळीबार केला आणि एका कोळ्याचा जीव घेतला, हे निमित्त. त्यामागे मोठं कारण आफ्रिकेत होतं. त्याच वर्षी अंगोलात उठाव पेटला होता. आफ्रिकेतले नेते भारताला विचारत होते की तुमच्या दारातला पोर्तुगीज तुम्ही काढत नाही, तर आमच्यासाठी काय बोलणार? १७ डिसेंबरच्या रात्री सैन्य हललं आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. छत्तीस तासांच्या आसपासचा मामला. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता, तो त्यांनी मानला नाही. मायदेशी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

सैन्याने काम केलं म्हणून बाबा खूश होतील, पण यात एक खोच आहे. सैन्य ही भारत नावाच्या स्वतंत्र देशाची ताकद होती. पारतंत्र्यात असलेल्या माणसापुढे 'सत्याग्रह की शस्त्र' हा जो प्रश्न असतो, त्याचं उत्तर 'शेजारच्या मोठ्या देशाचं सैन्य' असं देता येत नाही, कारण ते बहुतेकांच्या शेजारी नसतं. आणि शेजारी असूनही ते चौदा वर्षं आलं नव्हतं. ते आणायची राजकीय किंमत पंधरा वर्षांत कोणी भरली, हे विचारा. पत्रादेवीला गोळ्या खाल्लेल्यांनी गोव्याचा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता न ठेवता पंजाबचा आणि मध्य प्रदेशचा केला. १९५५ नंतर कुठल्याही भारतीय सरकारला गोवा सोडून देणं शक्य नव्हतं. सत्याग्रहाचं दडपण लिस्बनवर पडलंच नाही, पण दिल्लीवर पडलं. तो ज्याच्यासमोर झाला तो प्रेक्षक मुळात दिल्लीत बसला होता, असं मी वर्गात सांगत असे.

शेजारी मोठा देश नसला तर काय, याचं उत्तर त्याच पोर्तुगालच्या दुसऱ्या वसाहतीत सापडतं. ३ ऑगस्ट १९५९ ला गिनी-बिसावमधल्या पिजिगिती धक्क्यावर गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. हा आतल्या हातांचा संप होता, म्हणजे गोव्यात जे कमी पडलं ते इथे होतं. पोलिसांनी गोळ्या घातल्या, डझनावारी कामगार मेले आणि जगाने फारशी दखल घेतली नाही. अमिल्कार काब्राल आणि त्यांच्या पक्षाने त्यानंतर शहरातली उघड चळवळ थांबवली आणि खेड्यांतून सशस्त्र लढ्याची तयारी सुरू केली. तीही लगेच नाही. आधी तीन वर्षांहून जास्त काळ गावोगाव माणसं तयार केली, शेजारच्या गिनीत तळ मिळवला, आणि १९६३ मध्ये लढाई सुरू केली. अकरा वर्षं चालली. तिने, अंगोला आणि मोझांबिकच्या लढायांबरोबर, पोर्तुगालचे तरुण आणि तिजोरी दोन्ही खाल्ली. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालच्याच सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं तेही त्यानंतर, १९७४ च्या शेवटी.

तर सालाझारसारख्या राज्यकर्त्यापुढे शस्त्र चाललं, हे मी नाकारत नाही. पण पुढचं पान उलटा. अंगोलात स्वातंत्र्य मिळताच लढवय्या पक्षांनी एकमेकांवर बंदुका धरल्या आणि ते यादवी युद्ध २००२ पर्यंत चाललं. गोव्यात १९६३ मध्ये निवडणूक झाली आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हा भयंकर चुरशीचा वाद जानेवारी १९६७ मध्ये मतपेटीने सोडवला. दोन्हींत फक्त मार्गाचा फरक आहे असं म्हणणं अप्रामाणिक होईल. गोव्याला तयार घटना आणि तयार न्यायालयं मिळाली, अंगोलात महासत्तांनी दोन्हीकडून हत्यारं ओतली. तरी लढ्यात ज्यांच्या हाती सूत्रं असतात त्यांच्याच हाती नंतरचं राज्य जातं, एवढं मला त्यातून दिसतं.

आता तुमची ती 'दुप्पट' वाली आकडेवारी. ती खरी आहे. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमांचा तो अभ्यास, अहिंसक मोहिमा ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र २६ टक्के. मला तो अभ्यास मोलाचा वाटतो, विशेषतः अहिंसक लढ्यांत माणसं जास्त संख्येने उतरतात आणि त्यामुळे ते जिंकतात हे त्याचं कारण पटतं. पण तो अनेक प्रकारच्या राजवटींची सरासरी सांगतो. गोवा त्यात कुठल्या रकान्यात घालणार? सत्याग्रह म्हणून अपयशी, सशस्त्र म्हणून अपयशी, की दोन्ही मिळून यशस्वी? शिवाय माणूस मार्ग आधी निवडतो आणि मग परिस्थिती येते असं होत नाही. जिथे संप करणं अजून शक्य आहे तिथे लोक संप करतात, जिथे संपावर गोळ्या पडून गेल्यात तिथे बंदूक उचलतात. म्हणजे सशस्त्र रकान्यात मुळातच अवघड रोगी जास्त जमा होतात. त्यांतले कमी वाचले म्हणून सगळा दोष औषधाला देता येत नाही.

माझं मत तुम्ही मागितलंय तर सांगतो, आडपडदा न ठेवता. राज्यकर्त्याचं रोजचं काम आमच्या हातांनी चालत असेल आणि त्याच्या घरी त्याला कोणीतरी जाब विचारू शकत असेल, तर निःशस्त्र मार्ग नुसता नैतिक म्हणून नाही, हिशेबाने सरस आहे. ब्रिटिश हिंदुस्थान असाच होता, म्हणून मोठ्या वादात मी काकांच्या बाजूला झुकेन. या दोन्ही गोष्टी नसतील तर सत्याग्रह शत्रूला हलवत नाही. तरी तो तिसऱ्या कोणाला हलवू शकतो, आणि असा तिसरा आहे का हे आधी पाहावं. तोही नसेल, तर शस्त्राचा विचार करणाऱ्याला मी दोष देणार नाही. फक्त पहिल्या गोळीच्या आधी त्याने शत्रूची रसद कुठून येते हे सांगावं. ते सांगता येत नसेल तर तो हुतात्मे तयार करतोय, स्वातंत्र्य नाही. हे वाक्य मी एकदा दलातल्याच एका वृद्ध गृहस्थांपुढे भीत भीत बोललो होतो. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे आम्हाला बेतीनंतर कळलं."

पुढच्या पंधरा ऑगस्टला बाबांना विचारा : त्याच माणसांनी, तशाच हत्यारांनी सिल्वासा घेतलं, मग म्हापसा का नाही घेता आलं? आणि काकांना विचारा : धारासण्याच्या लाठीने लंडन चपापलं, मग पत्रादेवीच्या गोळीने लिस्बन का नाही चपापलं? जमलं तर गोव्याला जाताना बांद्याहून पुढे पत्रादेवीला गाडी थांबवा. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. बहुतेक गाड्या त्याच्यासमोरून सुसाट निघून जातात, पुढे दारू स्वस्त आहे म्हणून.